ओसरीवरचा हेडशॉट

माणसाला फोटोवरून जोखायचं हा माझा धंदा आहे. मालिका आणि सिनेमांसाठी नट निवडणाऱ्या मुंबईच्या एका टीमसाठी मी घरी बसून काम करते. ऑडिशनला यायची इच्छा असलेल्या लोकांचे फोटो, ज्यांना आम्ही हेडशॉट म्हणतो, ते दिवसभर माझ्याकडे येत राहतात आणि मी ते चाळते. कुणाला बोलवायचं ते मी ठरवत नाही. कुणाला बोलवायचं नाही ते मात्र बहुतेक वेळा मीच ठरवते, आणि त्यात मी दयामाया दाखवत नाही.

माझ्या तक्त्यात प्रत्येक चेहऱ्यासाठी तीन रकाने असतात. पहिला स्पष्टतेचा. फोटो मोठा करून आधी डोळे बघायचे. पापण्या सुट्या दिसतात का, बुबुळात उजेड आहे का, कातडी कातडीसारखी दिसते की कुणी तिच्यावरून इस्त्री फिरवली आहे. दुसरा रकाना भावांचा. एक साधा चेहरा, एक हसरा, एक गंभीर असे तीन-चार फोटो मागवायचे आणि प्रत्येकातलं तोंड बोटाने झाकून नुसते डोळे बघायचे. तोंड झाकल्यावर सगळे फोटो सारखेच दिसले, तर तो माणूस फक्त ओठांनी हसतो असं समजायचं. तिसरा रकाना सहजतेचा, आणि तो सगळ्यात अवघड. फोटोतला माणूसच उद्या दारातून आत येईल का, एवढंच त्यात बघायचं असतं. शंभरातले नव्वद इथे आपटतात.

हे काम मी आधी पुण्याजवळ महाळुंग्यात बसून करत होते. तिथल्या इमारतीत लिफ्टमध्येही कुणी कुणाकडे बघत नसे. मी मूळची मराठवाड्यातली, लग्न केलेलं नाही, आईवडील राहिलेले नाहीत. काम इंटरनेटवर चालतं, मग कुठेही बसलं तरी काय बिघडतं, असं म्हणून दोन वर्षांपूर्वी मुळशीला धरणाकाठी एका घरामागची खोली भाड्याने घेतली. दिवसाला दोनशे चेहरे बघायचे आणि त्यातल्या एकानेही आपल्याला बघायचं नाही, याची सवय मला तोवर झाली होती. निदान तसं मी मानत होते.

घरमालकीण साठीची, विधवा. मी तिला मावशी म्हणायची. मुलगा आणि सून महाळुंग्यालाच फ्लॅटमध्ये राहायला गेलेले, रविवारी नात घेऊन यायचे आणि ऊन उतरायच्या आत परत जायचे. संध्याकाळी मावशी ओसरीवर तांदूळ निवडत बसायची आणि मी तिच्याशेजारी. बोलणं ती तोंडाने कमी आणि चेहऱ्याने जास्त करायची. मी नुसतं डोकं दुखतंय म्हटलं, तरी तिच्या कपाळावर माझ्यापेक्षा जास्त आठ्या यायच्या. अख्ख्या दिवसात माझ्या चेहऱ्याकडे नीट बघणारी तेवढी एकच बाई होती. मला ती फार लागायची.

गेल्या हिवाळ्यात एका सिनेमाचं काम आलं. धरणाच्या रस्त्यावर भजी-चहाची टपरी चालवणारी म्हातारी, दोन प्रसंग. मुलगा घर सोडून चाललाय हे ती ऐकते, एवढंच तिने करायचं. पुण्या-मुंबईच्या नट्यांचे ढीगभर फोटो मी पुढे पाठवले आणि दिग्दर्शकाने सगळे परत पाठवले. त्याला इथलाच चेहरा हवा होता, पूर्वी कधी न दिसलेला. मी सहज ही गोष्ट मावशीच्या कानावर घातली. ती तांदूळ निवडायची थांबली आणि मी करू का म्हणून तिने विचारलं. मला वाटलं थट्टा करतेय.

"नात येती नि मोबाइलात त्वांड घालून बसती," ती म्हणाली. "मी म्होरं बसलेली तिला दिसत न्हाई. मोबाइलात तरी दिसंन."

दुसऱ्या दिवशी मला न सांगता ती तालुक्याच्या गावी स्टुडिओत जाऊन फोटो काढून आली. निळा पडदा, वर केलेली हनुवटी, ताठ खांदे. फोटोवाल्याने तिच्या सगळ्या सुरकुत्या पुसून टाकल्या होत्या, गोंदण पुसलं होतं, वर दोन छटा गोरी केली होती. तिला फोटो भारी आवडला होता. मी नेहमीसारखाच जोखला. म्हटलं, मावशी, यात डोळे सोडून तुमचं काहीच नाही, आणि डोळेही घाबरलेले आहेत, हा मी पाठवणार नाही. ती खट्टू झाली. मग म्हणाली, तर तूच काढ.

फोटो संध्याकाळी पाचपर्यंत पोचवायचे होते. दुपारी मी तिला ओसरीच्या कडेला बसवलं, जिथे ऊन अंगावर येत नाही पण उजेड समोरून येतो. मागे नुसती चुन्याची भिंत. मोबाइलमधलं चेहरा गुळगुळीत करणारं सगळं बंद केलं, आणि फार जवळ गेलं की नाक मोठं दिसतं म्हणून चार पावलं मागे सरून झूम दुप्पट केला. साधा चेहरा पहिल्याच फटक्यात छान आला. पुढे गाडी अडली. हस म्हटलं की ती दात दाखवायची. वाईट वाटल्यासारखं कर म्हटलं की टीव्हीवरच्या बायांसारखी मान टाकून पदर डोळ्याला लावायची. मी मोबाइल खाली केला की लगेच तिचा चेहरा जिवंत व्हायचा आणि वर केला की पुन्हा दगड. हा नवख्यांचा नेहमीचा रोग आहे. पन्नासेक फोटो झाले. स्पष्टता सगळ्यांत होती. दुसरा आणि तिसरा रकाना रिकामेच होते.

साडेचार वाजले तेव्हा माझं डोकं तापलं होतं. मुरलेले फोटोग्राफर अशा वेळी समोरच्याला बोलण्यात गुंतवतात हे मला ठाऊक होतं. मी मोबाइल छातीशी धरला, जणू काही काम संपलंच आहे, आणि म्हटलं, "मावशी, सांगायचं राहिलंच. या महिनाअखेरीला मी खोली सोडतेय. मुंबईला चाललेय, कायमची."

तिने माझ्याकडे पाहिलं. आधी काहीच झालं नाही. मग हसायला निघालेले ओठ मध्येच थांबले, डोळे थोडे मोठे झाले आणि माझ्या चेहऱ्यावरून खाली उतरून पुन्हा वर आले. मान हलली, जशी होकाराला हलते, पण तो होकार नव्हता. मी तेवढ्यात तीन वेळा बटण दाबलं होतं.

फोटो मोठा करून बघितला आणि मला हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. बुबुळात अंगणाचा उजेड होता. गोंदण, सुरकुत्या, सगळं जागच्या जागी. तोंड झाकलं तरी डोळे पुरेसे होते. एवढ्या वर्षांत माझ्या तक्त्यात असा चेहरा आला नव्हता. मिळाला, मिळाला, असं काहीतरी मी ओरडले आणि मोबाइल तिच्यापुढे धरला.

तिने त्याकडे बघितलं नाही. "मंजे तू जात न्हाईस?" तिने विचारलं.

मी म्हटलं, छे हो, कुठे जाते, फोटोसाठी म्हटलं मी तसं. हे मी हसत सांगितलं, आणि अजून आठवलं की मला माझीच लाज वाटते. ती "बरं" म्हणाली, पदर खोचला आणि आत गेली. मी खोलीत जाऊन फोटो पाठवला, पाठवताना आकार कमी होऊन खराब होऊ नये म्हणून फाइल करून. तिन्ही रकान्यांत पैकीच्या पैकी गुण भरले. पाच वाजायला दहा मिनिटं होती.

मावशीला ऑडिशनला बोलावलं आणि ती निवडली गेली. चित्रीकरण धरणाकाठीच झालं. मी सोबत गेले होते. मुलगा जातो म्हणतो आणि ती ऐकते, तो प्रसंग तिने दुसऱ्या वेळी अचूक दिला. तसाच चेहरा, तेच थांबलेले ओठ, तीच मान. लोक टाळ्या वाजवायला लागले. दिग्दर्शकाने विचारलं, आजी, कुठे शिकलात हे. तिने माझ्याकडे बोट केलं. सगळे माझ्याकडे वळून हसले, कौतुकाने. मीही हसले. पण तो चेहरा आता तिला हवा तेव्हा करता येत होता.

त्या रविवारी नातीने चित्रीकरणाच्या जागेवरचा फोटो मोबाइलवर तीनदा बघितला आणि मग एकदा खऱ्या आजीकडेही बघितलं. मावशी खूश होती. माझ्याशी ती भांडली नाही, अबोलाही धरला नाही. भाजी वाटीभर जास्तच द्यायची. फक्त संध्याकाळी मी काही सांगायला लागले की ती निवांत, सपाट चेहऱ्याने ऐकून घ्यायची. मला आठवडाभर ताप होता तेव्हा तिने पेज करून दिली, औषध आणलं, पण कपाळावर आठी आली नाही. मी तिला समजवायचा दोनदा प्रयत्न केला. ती म्हणाली, मी कुटं काय म्हणतेय. ती खरंच काही म्हणत नव्हती.

उन्हाळ्यात टीमने मुंबईला ऑफिसात यायला सांगितलं. घरून काम बंद. नाही म्हणायची सोय नव्हती, वयाच्या चाळिशीत दुसरं काम कोण देतंय. दोन दिवस मी ते मनात घोळवत बसले. तिसऱ्या दिवशी ओसरीवर तिच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि सांगितलं की महिनाअखेरीला मी जाते आहे, मुंबईला. मला एवढंच हवं होतं की माझ्या जाण्याने कुणाच्या तरी चेहऱ्याचं काहीतरी व्हावं.

तिने आधी माझ्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही. तिने माझ्या हातांकडे बघितलं, दोन्ही. मोबाइल खोलीत चार्जिंगला लावलेला होता. हात रिकामे आहेत हे दिसल्यावरही तिचा चेहरा तसाच राहिला.

"बरं," ती म्हणाली. "आणि ह्या खेपंला खरं का?"

मी मान हलवली. ती परत तांदूळ निवडायला लागली.