मोटरीवरची कवटी

मी बी.एस्सी. होऊन वस्तीवर परतलो, त्याच उन्हाळ्यात आमच्या चुलत्यांच्या विहिरीवर विजेची मोटर बसली. आमची वस्ती शेवगावपासून दोन कोसांवर. नगरला शिकत होतो तेव्हा चुलती चार वर्षं रोज पहाटे उठून भाकरी थापायची आणि माझा डबा एसटीनं पाठवायची. घरात माझ्याआधी कुणी मॅट्रिकसुद्धा झालेलं नव्हतं. पदवीत निम्मा वाटा तिचा, असं मी आजही मानतो.

मी आलो तेव्हा ऐन उन्हाळा होता. आजूबाजूच्या विहिरी आटलेल्या, पाणी होतं ते आमच्याच विहिरीत. तरी पिण्याच्या पाण्याला शेजारणी पार ओढ्यापलीकडच्या झऱ्यावर जात होत्या.

"मोटर बसली तवापासून घागर घिऊन न्हाई येत कुनी," चुलती म्हणाली. "आमी पान्यात औषध टाकलं म्हनं. लोकांनी येऊ नये म्हनून."

मी विहिरीवर गेलो. मोटरीच्या खोपीला बाहेरून स्टार्टरची लोखंडी पेटी होती आणि तिच्याशेजारी पत्र्याची पाटी. पाटीवर लाल रंगात कवटी आणि दोन हाडं. कपाशीवर फवारायच्या औषधाच्या डब्यावर नेमकं हेच चित्र असायचं. तो डबा सगळ्यांच्या गोठ्यात उंच टांगलेला, आणि त्यावरचं चित्र म्हणजे विष, हे वस्तीवरच्या प्रत्येक बाईला पाठ होतं.

चुलतीनं चारचौघींसमोर ओंजळभर पाणी पिऊन दाखवलं होतं. त्यावर शेजारची मामी म्हणाली होती, "तिला म्हाईत हाय ना, औषध कवा टाकत्यात ते." मामीचं बोलणं वस्तीवर चालायचं. लग्नापासून दोघी एकमेकींच्या अडीअडचणीला धावलेल्या, म्हणून चुलतीला ते फार लागलं होतं.

मी मामीला गाठून सांगितलं, "मामी, ती पाटी विजेची आहे. पाण्याशी तिचा काही संबंध नाही."

"मंग औषदाच्या डब्यावर तेच चित्तर कसं? शिकलास ना रं तू एवढा?"

विजेचे नियम मी पाठ केले होते, पण कवटी दोन्हीकडे का, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी डीपीवरचा फ्यूज बघायला वायरमन सायकलवरून आले. त्यांना विनंती करून मी विहिरीवर नेलं. मोटर चालू होती. मोटरीचं पाणी पडतं त्या थारोळ्यात मामी धुणं धूत होती. प्यायचं नाही, पण धुवायला चालतं, असा तिचा हिशेब. आणि धुतलेलं ओलं लुगडं तिनं स्टार्टरच्या पेटीवर वाळत टाकलं होतं.

वायरमन थबकले. "मामी, जागच्या हलू नका. पेटीला हात न्हाई लावायचा." त्यांनी खोपीत जाऊन मेन स्विच पाडला, मोटर थांबली, मग कोरड्या काठीनं लुगडं बाजूला काढलं.

"वाळत हुतं की," मामी म्हणाली.

"तुमीबी वाळला असता." त्यांनी तिला पाटीसमोर उभं केलं. "कवटी एवढंच सांगती, की जीव जाईल. कशानं जाईल, ते बाकीच्या खुणा सांगत्यात. डब्यावर विष लिवलेलं असतं. ते पोटात गेलं, अंगावर सांडलं, तर घात. हितं हा वाकडा बान बघा, आभाळातल्या विजंवानी. आन् खाली चारशे चाळीस व्होल्ट. म्हंजे हात लावायचा न्हाई, वल्ला तर मुळीच न्हाई. पानी चांगलं हाय."

मामीनं पाटीकडे पाहिलं, मग लुगड्याकडे. "म्हंजे ज्याला भ्यायचं ते सोडून मी भलत्यालाच भ्याले म्हना."

"लुगडं टाकायला जागाबी लई भारी निवडली तुमी," वायरमन म्हणाले. मग त्यांनी खोपीमागचा खड्डा दाखवला. पेटीची तार त्यात मीठ-कोळशात पुरलेली होती. पेटीत कधी वीज उतरलीच, तर ती इथून जमिनीत जाते, पण त्यासाठी खड्डा ओला लागतो. उन्हाळ्यात तो सुकतो.

चुलती एवढा वेळ बांधावर उभी होती. मामी तिच्याजवळ गेली. "पोरी, माझं त्वांड लई चाललं बघ."

"चालू दे. आदी घागर आन तुझी," चुलती म्हणाली.

त्या संध्याकाळी विहिरीवर पुन्हा घागरींची रांग लागली. मामी नव्या येणारीला पेटीपासून चार हात लांबून न्यायची आणि बाण बोटानं दाखवायची. माझ्यापेक्षा ती चांगलं शिकवत होती. पुढं पाऊस पडेपर्यंत ती रोज पहिली घागर भरायची, त्यातलं तांब्याभर पाणी खोपीमागच्या खड्ड्यात ओतायची, आणि मग घरी जायची.