केवलचंद शेठची फसफसणारी गोळी

दोंडाईच्यातल्या मिरची वाळवायच्या पथारीवर केवलचंद शेठची जन्मभर छाती जळली. तिखट उडायचं, शेठ खोकायचे, आणि घट्ट कफ काही सुटायचा नाही. शेवटी धुळ्याच्या छातीच्या डॉक्टरांनी पाण्यात टाकायची एक गोळी दिली, एन-ॲसिटिलसिस्टीनची. कफ पातळ झाला, शेठना झोप लागली. एवढ्यावर थांबायचं की नाही माणसानं! पण थांबतील तर ते केवलचंद कसले? मोबाईल बघून बघून त्यांनी ठरवूनच टाकलं, की ही गोळी फुफ्फुसं धुते, लिव्हर साफ करते, मनही प्रसन्न ठेवते.

मग काय, शेठच्या दुकानात गोळ्यांचा खोकाच येऊन पडला. येईल त्याच्यासाठी ग्लासात गोळी. माहेरी परत आलेली त्यांची लेक चेलना दिवसभर गप्प बसायची, तिलाही दिली. सडक्या अंड्यासारख्या त्या वासानं पोरीला मळमळ सुटली, मन होतं तिथंच राहिलं. शेजारच्या लोटनला दमा होता, त्याची छाती गोळीनं उलटी आवळली. डॉक्टर शेठवर चिडले. "दमेकऱ्याला सांभाळून द्यावी लागते ती. आणि मनाचं, लिव्हरचं जे सांगत सुटलाय, त्याला अजून धड पुरावा नाही. ती काय प्रसाद आहे वाटायला?" शेठ हसले. हीराबाईंना मात्र नवऱ्याच्या त्या हसण्याचा संताप आला.

सुगंधाबाई त्यांच्याकडे मिरचीचे देठ खुडायची. सातपुड्याच्या पायथ्याची, नवरा कुवरसिंगसोबत हंगामाला यायची आणि पथारीजवळच राहायची. हसरी बाई, हीराबाईंचा फार जीव तिच्यावर. त्या हंगामात तिची दाढ ठणकायला लागली. "दाढ भलती दुखस, शेठाणी," म्हणायची. जेवण जाईना. पण कामाला खाडा नको, म्हणून एका दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणल्या, दुसऱ्यातून तापाच्या. दोन्ही पाकिटांत पॅरासिटामॉलच, नावं तेवढी वेगळी. दोन दिवस उपाशीपोटी ती गोळ्या गिळत राहिली. तिसऱ्या दिवशी पथारीवरच भडाभडा ओकली.

शेठनी रिकामी पाकिटं बघितली आणि त्यांचा चेहराच उजळला. "अगं, हे तर लिव्हरवर जातं! पॅरासिटामॉल जास्त झालं की दवाखान्यात काय देतात, माहीत आहे? आपलीच गोळी!"

बरोबर होतं हो त्यांचं. तेच तर वाईट झालं.

"मग दवाखान्यातच नेऊ या ना," हीराबाई म्हणाल्या. "गाडी दारात उभी आहे, तासाभरात धुळे."

"तेच औषध घरात असताना? तिथं रांगेत बसून वेगळं काय मिळणार आहे? तुला काय कळतं यातलं!"

हीराबाईंनी पाण्याचा ग्लास आणून दिला. तीस वर्षं अशाच त्यांचं ऐकत आल्या होत्या. शेठनी दोन गोळ्या विरघळवल्या. सुगंधाबाईनं त्या घेतल्या आणि ओकून टाकल्या, त्यांनी पुन्हा दिल्या. दुसऱ्या दिवशी ती उठून बसली, चहा प्यायली. शेठ बाजारभर सांगत फिरले, "बाई उठवली मी!" आणि त्याच्या पुढच्या सकाळी तिचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले. पोटाला उजवीकडे हात लावू देईना, कुणाला काय बोलतेय तेही तिला कळेना.

तेव्हा कुठे गाडी निघाली. धुळ्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि लगेच सलाईनमधून औषध सुरू केलं. तेच औषध. मग बाहेर येऊन म्हणाल्या, "वजनावर मोजून द्यावं लागतं, रक्त तपासत तपासत. तुमच्या दोन गोळ्या म्हणजे काहीच नाही, त्याही ओकलेल्या. ओकली त्याच दिवशी आणली असती तर बहुतेक वाचली असती. आता लिव्हर गेलंय. प्रयत्न करते." दाराशी बसलेल्या कुवरसिंगच्या कानावर यातलं काही गेलं नाही; तेच औषध चालू केलंय, एवढंच शेठनी त्याला सांगितलं.

दोन दिवसांनी सुगंधाबाई गेली.

कुवरसिंग रडत रडत आला आणि शेठच्या पायांवर वाकला. "शेठ, तुम्हीन पहिलेच वळखी लिन्हं व्हतं. डाक्टरीणबी तेच औषध दी राहिनी व्हती. तिनं नशीबच खोटं."

आता तरी खरं बोलतील, म्हणून हीराबाई नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. शेठनी कुवरसिंगच्या पाठीवर हात ठेवला. "हो रे बाबा," म्हणाले.

परतीच्या वाटेवर सोनगीर मागे पडलं तसे शेठ हळूच म्हणाले, "पण औषध मी बरोबर ओळखलं होतं ना गं?"

"ओळखलं होतं ना," हीराबाई म्हणाल्या. "नसतं ओळखलं, तर त्याच दिवशी घाबरून तिला धुळ्याला नेलं असतं तुम्ही."