वर उलटायचं कार्ड

ग्रंथपालबाईंचे यजमान चाळीस वर्षं कॅलेंडरं छापत होते. त्यामुळे आळीत त्यांना कॅलेंडरवाले म्हणत, आणि बाईंना, त्यांनी शाळेतल्या हजारो पुस्तकांना कव्हरं घातली असली तरी, कॅलेंडरवाल्यांच्या बाई. याचा राग त्यांना निवृत्तीनंतरही गेला नव्हता.

लेक परदेशात, स्पॅनिश बोलणाऱ्या मुलखात नोकरीला. तिच्याकडे तीन महिने राहायला बाई एकट्याच निघाल्या, कारण कॅलेंडरवाल्यांचे गुडघे विमानात बसायला तयार नव्हते. बाईंच्या हृदयाचे ठोके अधूनमधून चुकत, म्हणून त्यांना रक्त पातळ करणारी गोळी चालू होती. निघताना डॉक्टरांनी बजावलं होतं, "डोक्याला मार लागला तर बरं वाटतंय म्हणून घरी बसायचं नाही. लगेच दवाखाना. आणि गोळीचं आधी सांगायचं. आत रक्तस्राव झाला तर बाहेरून दिसत नाही."

सांगायचं, पण कोणत्या भाषेत? कॅलेंडरवाल्यांनी ते काम अंगावर घेतलं. डॉक्टरांकडून इंग्रजी वाक्यं लिहून आणली, ती लांबलचक होती म्हणून परत पाठवली. "वाक्य जितकं छोटं तितका घोटाळा कमी," असं ते डॉक्टरांना ऐकवून आले. शेवटी 'आय टेक ब्लड थिनर्स' इतकंच उरलं. अशा सहा ओळी लेकीला पाठवल्या, तिने त्यांचं स्पॅनिश केलं, तिथल्या मैत्रिणीकडून तपासून घेतलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही बाईंना बारीक अक्षर लागत नसे, म्हणून इंग्रजी गाळून एका बाजूला ठळक मराठी आणि पाठीमागे त्याच क्रमाने स्पॅनिश असं जाड कार्ड त्यांनी स्वतः छापलं. पहिली ओळ गोळीची, दुसरी डोक्याच्या माराची, शेवटची 'माझ्या मुलीला फोन करा' आणि खाली नंबर. ओळींना आकडे घातले नाहीत, कारण आपले घालावेत की त्यांचे, यावर दोघांचं भांडण झालं आणि ते मिटलंच नाही.

तर आता काय झालं ते ऐका. लेक कामावर गेलेली, बाई ओट्याखालून भांडं काढून उभ्या राहिल्या आणि वरच्या कपाटाचं उघडं दार कपाळावर खाडकन बसलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले. पाच मिनिटांत टेंगूळ आलं. दुखत फारसं नव्हतं, पण डॉक्टरांचा आवाज कानात वाजू लागला. लेकीला फोन लावला, तो बंद. ती प्रयोगशाळेत काम करते, मोबाइल बाहेर कपाटात ठेवावा लागतो. घाबरगुंडी उडाली ती अशी की बाई गळ्यातल्या पिशवीतलं कार्ड चाचपत तशाच निघाल्या, आणि स्वतःचा मोबाइल ओट्यावर राहिला.

दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे होता, लेकीने दाखवून ठेवलेला. काउंटरमागे तरतरीत नर्स. बाईंनी टेंगूळ दाखवलं. नर्सने डोळ्यांत टॉर्च मारून पाहिलं, बोट इकडून तिकडे नेलं, हसून बर्फाची पिशवी हातात दिली आणि खुर्चीकडे बोट केलं. म्हणजे विशेष काही नाही, बसा आणि जा.

"ब्लड थिनर," बाई म्हणाल्या. "ब्लड थिनर!"

नर्सने कपाळ पुन्हा निरखलं. रक्त कुठेच नव्हतं. तिने मान हलवली. मग भाषांतरासाठी स्वतःचा मोबाइल पुढे केला, पण भाषांच्या यादीत बाईंची भाषा कोणती ते तिला कळेना आणि चष्म्याविना बाईंना ती यादी दिसेना.

बाईंनी कार्ड काउंटरवर ठेवलं. सगळ्यात वरची ओळ, गोळीची. तिच्यावर बोट ठेवलं, पुस्तकाचं पान उलटतात तसं कार्ड उलटलं आणि त्याच जागी पुन्हा बोट टेकवलं. मागची अक्षरं त्यांना उलटी दिसली, पण समोरच्या नर्सला सुलटी. बाई मनात म्हणाल्या, बघा, समोरच्याला वाचता यावं म्हणून किती विचार केलाय माणसाने. आडवा हात सगळ्या कार्डावर पसरला होता, बोटापाशीची जागा तेवढी उघडी.

नर्सने वाचलं, "सी, सी" म्हणजे हो, हो म्हणाली आणि फोन उचलला. नंबर फिरवला, वाट पाहिली, ठेवला. खांदे उडवले.

हे काय? गोळी घेते म्हटल्यावर फोन कोणाला? बाईंनी पुन्हा पहिली ओळ, पुन्हा उलटा, पुन्हा बोट. नर्सने पुन्हा फोन. तिसऱ्यांदाही तेच. आता नर्स त्यांच्याकडे जरा काळजीने बघू लागली, आपण भरकटलेल्या आजीबाईंकडे बघतो तशी.

आणि इथे बाईंचा हात कार्डावर थांबला. डॉक्टरांनी हेही सांगितलं होतं, की मार लागल्यावर माणूस गोंधळला, तेच तेच करू लागला, तर ते लक्षण वाईट. आपण तेच तेच करतोय की! ओळ तीच आहे ना? आपल्याला वाचता येतंय ना? त्यांनी मनातल्या मनात शाळेच्या कपाटांचे नंबर म्हणून पाहिले. इतिहास चौथं, कोश सातवं. की सहावं? त्यांना आता रडूच फुटणार होतं.

शेजारच्या टेबलावरचा कारकून कोणालातरी पुढच्या महिन्याची तारीख देत होता. त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान खालून धरलं आणि वर उचललं. बाई बघत राहिल्या. कॅलेंडरवाले हातात येईल ते असंच उलटत. लग्नाची पत्रिका, विजेचं बिल, बाईंचं पुस्तकसुद्धा. त्यावरून बाई किती वेळा खेकसल्या होत्या!

त्यांनी कार्ड मराठी बाजूने ठेवलं. खालची कड धरून वर उलटलं. अक्षरं सुलटी झाली. वरची ओळ वरच होती. तिच्यावर नख रोवून त्यांनी कार्ड नर्सकडे फिरवलं.

'तोमो आंतिकोआगुलान्तेस.' गोळीचीच ओळ ही. नर्सने वाचलं आणि तिचं हसू मावळलं. पुढच्या मिनिटाला चाकाची खुर्ची आली.

डोक्याचा स्कॅन झाला. आत काही नव्हतं, तरी रात्रभर नजरेखाली ठेवायचं ठरलं. संध्याकाळी धावत आलेल्या लेकीने मोबाइल कानाला लावून दिला.

"कार्ड चाललं का गं?" कॅलेंडरवाल्यांनी पहिलं तेच विचारलं.

"अहो, वर उलटायचं होतं! मी आडवं उलटत बसले, बोट पडत होतं शेवटच्या, मुलीला फोन करायच्या ओळीवर. माझा जीव जात होता तिकडे!"

ते हळूच म्हणाले, "मी दाखवलं होतं तुला. निघायच्या आदल्या दिवशी. दोनदा."

"मी काय करत होते?"

"भाजी निवडत होतीस. हो हो म्हणालीस."

बाईंना आठवलं. मान वर न करताच हो हो म्हटलं होतं, गेली कित्येक वर्षं म्हणतात तसं. त्यांनी बर्फाची पिशवी बाजूला ठेवली, कार्ड मांडीवर घेतलं.

"पुन्हा सांगा," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून सांगा. मी ऐकतेय."