लाल हिरड्या आणि फ्रिजवरचा तक्ता

आमच्या फ्रिजवर एक तक्ता चिकटवलेला होता. रकाने दोनच: सकाळ आणि रात्र. दात घासले की मुलीनं त्यात बरोबरची खूण करायची. ती तेव्हा चौथीत होती. मी एका दैनिकात उपसंपादक. दुपारी कामावर जाते आणि परतते तेव्हा ती झोपलेली असते. त्यामुळे रात्रीची खूण मी सकाळी तपासत असे, आणि तपासायचं साधन एकच होतं: तिच्या हिरड्या.

हिरड्यांची साक्ष तिच्याविरुद्ध जात होती. वरच्या पुढच्या दातांभोवती त्या लाल, सुजलेल्या आणि चकचकीत दिसत. ब्रश लागला की रक्त येई. मजकुरात शंका असली की आम्ही समासात लाल शाईनं प्रश्नचिन्ह काढतो. मी तिच्या खुणांपुढे तशीच प्रश्नचिन्हं काढू लागले.

"मी घासलेत," ती म्हणायची.

"हिरड्या वेगळंच सांगतायत."

"मग त्यांनाच विचार ना. मला कशाला विचारतेस?"

तिचे बाबा मध्ये पडले. "अगं, ती घासते. मी रात्री बघतो."

"तू मोबाइलमध्ये बघत असतोस," मी म्हटलं. त्यांची साक्ष तिथेच बाद झाली.

मी कडक ब्रश आणला. रक्त वाढलं, प्रश्नचिन्हंही वाढली.

माझा भाऊ अंबडला एका कारखान्यात तयार माल तपासतो. रविवारी जेवायला आला की भाचीची फिरकी घेणं हा त्याचा हक्क. "तोंड मिट, भाचे. माशी आत जाऊन संसार थाटेल." ती मिटायची आणि दोन घास होईतो पुन्हा उघडायची. जेवताना धाप लागल्यासारखी थांबायची. आम्ही हसायचो. 'तोंड मिट' हे आमच्या घरातलं सर्वांत जास्त वापरलं गेलेलं वाक्य असावं. ते सांगावं का लागतं, हा प्रश्न कुणी विचारला नाही. प्रश्न विचारून पगार घेणारी घरात एकटी मीच होते.

शेवटी इंदिरानगरातल्या एका दंतवैद्य बाईंकडे गेलो. मी आरोप थोडक्यात मांडला: मुलगी दात घासत नाही आणि घासल्याचं सांगते. मुलगी खुर्चीत छताकडे बघत पडली होती.

डॉक्टरांनी तिच्या दातांना एक गुलाबी औषध लावलं आणि चूळ भरायला सांगितली. "जिथे घाण उरली असेल तिथे रंग राहतो," त्या म्हणाल्या. मागच्या दाढांवर थोडा राहिला. पुढच्या दातांवर, जिथे हिरड्या सर्वांत लाल होत्या, तिथे जवळजवळ काहीच नव्हता.

"ही छान घासते की."

मुलीनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी पर्सची चेन उघडून पुन्हा लावली.

मग डॉक्टरांनी तिच्या नाकाखाली छोटा आरसा धरला. आरशाच्या वरच्या बाजूला, नाकाकडे, वाफ जेमतेम धरली. खालच्या बाजूला, तोंडाकडे, भरपूर. नंतर तिला घोटभर पाणी तोंडात धरून ओठ मिटून बसायला सांगितलं. अर्धं मिनिटही झालं नाही, तोच तिनं पाणी बेसिनमध्ये टाकून मोठा श्वास घेतला.

"ही तोंडानं श्वास घेते. दिवसा आणि झोपेतही. हिरड्यांवर लाळेचा ओलावा राहत नाही. हवा लागून त्या कोरड्या पडतात आणि सुजतात. जेवढा भाग ओठाबाहेर उघडा पडतो, तेवढाच लाल आहे, बघा. जोरात घासून हे जाणार नाही. कडक ब्रशनं हिरड्या सोलल्या मात्र जातील."

मी वही काढली. सवय.

पुढचं त्यांनी आरशात दाखवत सांगितलं. तोंड मिटलेलं असताना जीभ टाळूला टेकून असते आणि वरच्या जबड्याला आतून आधार देते. तोंड सतत उघडं राहिलं की जीभ खाली पडते, बाहेरून गालांचा दाब मात्र चालूच. मग टाळू अरुंद आणि उंच होत जातो, पुढचे दात बाहेर येतात, चेहरा लांबट वाढतो. हिच्या उजव्या बाजूच्या वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसत होत्या. बसायला हव्यात बाहेर.

"तार लावायची का?" मी विचारलं.

"दात नंतर. आधी नाक का चालत नाही ते शोधू. कधीपासून आहे हे?"

मी मोबाइलमधले फोटो उघडले. एकाही फोटोत तिचं तोंड उघडं नव्हतं. साहजिक होतं, प्रत्येक फोटोआधी मी 'तोंड मिट' म्हणायचे आणि तरी उघडं राहिलं तर तो फोटो काढून टाकायचे. पानावर चांगला फोटो जावा, ही शिस्त मी घरीही पाळली होती. पुरावा माझ्याच हातानं नष्ट झाला होता. बाहेर बसलेल्या तिच्या बाबांचा मोबाइल मागवला. ते काहीच काढून टाकत नाहीत. त्यात ती पहिलीतल्या वाढदिवसाला केकसमोर तोंड उघडून उभी होती. गाडीत झोपलेली, तशीच. देवळालीच्या बाजारात फुगा धरलेली, तशीच.

"तीन वर्षं तरी," डॉक्टर म्हणाल्या, आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली.

मधल्या रविवारी भावानं उपाय आणला. झोपताना ओठांवर चिकटपट्टी लावायची. त्यानं मोबाइलवर पाहिलं होतं.

"तुमच्या कारखान्यात पाइप तुंबला तर दुसरं टोक बंद करता का, मामा?" भाचीनं विचारलं. दंतवैद्य बाईंनी नेमकं हेच बजावलं होतं: नाक बंद असताना तोंड बंद करायचं नाही. भावानं आणखी एक पोळी घेतली.

नाकाच्या डॉक्टरांनी सांगितलं की नाकाच्या मागे, घशाच्या वर मऊ मांसल भाग असतो, ॲडेनॉइड. तो हिचा वाढलेला आहे. शिवाय धुळीची ॲलर्जी. सकाळच्या शिंका आम्ही थंडीच्या नावावर टाकल्या होत्या. आधी नाकातला फवारा, उशी-पांघरुणं गरम पाण्यात धुणं, मऊ खेळणी पलंगावरून बाहेर. काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी, तरी फरक नसेल तर शस्त्रक्रियेचा विचार. टाळू रुंद करायचं साधन दंतवैद्य नंतर बसवतील. वाढ चालू आहे, तोवर ते सोपं जातं.

घरी आल्यावर मुलीनं एकच विचारलं. "पेपरात चूक झाली तर तुम्ही काय करता?"

"दुरुस्ती छापतो."

"कुठे?"

"जिथे चूक झाली तिथे." नेहमी तसं होत नाही, हे मी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मजकूर लिहून तक्त्यावर चिकटवला. 'या तक्त्यात रात्रीच्या खुणांपुढे अनवधानानं प्रश्नचिन्हं काढली गेली. सर्व खुणा खऱ्या होत्या.' तिनं ब्रश तोंडात ठेवून तो दोनदा वाचला.

"अनवधानानं म्हणजे?"

"लक्ष नसताना."

"पण तुझं लक्ष होतं. रोज होतं." तिनं माझा लाल पेन घेतला आणि तो शब्द खोडला. मग 'काढली गेली' यावर बोट ठेवलं. "कुणी?"

मी 'आईनं काढली' असं लिहून दिलं. तिनं मजकूर मंजूर केला.

कागद अजून तिथेच आहे. शेजारी फवाऱ्याचा नवा तक्ता आहे. त्यातल्या खुणांपुढे काहीही लिहायची मला परवानगी नाही. हिरड्यांचा लाल रंग आता बराच उतरला आहे. परवा ती तोंडात पाणी धरून, ओठ मिटून माझ्यासमोर उभी राहिली, हातात बाबांचा मोबाइल, घड्याळ चालू. पूर्ण एक मिनिट. मग पाणी टाकलं, लाल पेन माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "लिही. एक मिनिट."