आरशातला शिंजीर

महाडला आमच्या शेजारची पाचवीतली पोर आळीतल्या पक्ष्यांचा तक्ता करायची. कोणी पक्षी सांगितला की पेन्सिल दातांत धरून विचारायची, "एका वेळी किती दिसले?" बेरीज तिला चालत नसे. तोच कावळा दहादा येतो म्हणे.

मी छाती फुगवून सांगितलं, "शिंजिराचे दोन नर! माझ्या स्कूटरवर भांडतायत." समेटासाठी मी साखरपाण्याच्या दोन वाट्याही ठेवल्या होत्या. तिने दोन लिहिले.

तक्ता शाळेत द्यायच्या सकाळी ती स्कूटरजवळ बसली. निळाकाळा चिमुकला नर आरशावर चोच आपटत होता. तिने पायातला मोजा काढून आरशावर चढवला. नर गोंधळून हँडलवर बसला, मग जास्वंदीत उडाला. तिथे पिवळसर मादी कोळिष्टकांनी घरटं विणत होती.

"काका, दुसरा नायच! हा आरशातल्या स्वतःलाच हाकलतोय." तिचा चेहरा उतरला. "एका वेळी दोन दिसले, तरी चुकलं."

"मादी धरून दोनच की! राहू दे."

"नर दोन लिहिलेत," म्हणत तिने आकडा खोडला. "आणि पिल्लं उडेपर्यंत मोजा काढू नका."

पोलादपूरच्या नाक्यावर हवालदाराने आरशावरच्या मोज्याचं विचारलं. मी म्हणालो, "साहेब, घरी बाळंतपण आहे."