शून्याजवळचा स्ट्रेस

आमच्या सरांना स्ट्रेस कमी हवा असायचा. माणसांना कितीही दिला तरी चालायचा, आकृतीतला मात्र कमी हवा.

मी गोंदियाच्या कॉलेजात पीएचडी करत होते, तलावांकाठच्या पक्ष्यांवर. माझ्याहून लहान एक मुलगी त्याच तलावांतल्या पाणवनस्पतींवर करत होती. दोघींचं काम शेवटी एनएमडीएस नावाच्या आकृतीवर येऊन ठेपायचं. ज्या दोन तलावांतल्या प्रजाती सारख्या, ते कागदावर जवळ. ज्यांच्या वेगळ्या, ते लांब. त्यात नेमकी अंतरं नसतात, फक्त कोण कोणापेक्षा लांब हा क्रम असतो. तो क्रम दोन मितींत बसवताना किती मोडला, ते स्ट्रेस सांगतो.

माझा आला ०.१८. मी निकालात लिहिलं, 'दोन मितींत स्ट्रेस ०.१८, ढोबळ रचना वाचता येते, बारीक अंतरांवर विसंबू नये.' सरांनी त्यावर लाल रेघ ओढली. "स्वतःच्या तोंडानं स्वतःची कमजोरी सांगता? हिचा बघा." आणि सगळ्यांसमोर तिचं वाक्य मोठ्यानं वाचलं: 'स्ट्रेस ०.००००८, म्हणजे आकृती अत्यंत विश्वासार्ह.' माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आजही आठवलं की होतो.

त्याच आठवड्यात ती माझ्याकडे आली. अर्जुनी मोरगावकडची, धानवाल्या घरची, घरातली पहिलीच शिकलेली. महिनाअखेरीस तिची नोंदणी संपत होती आणि मुदतवाढ आधीच घेऊन झाली होती. प्रबंधाआधीचा सेमिनार मंजूर झाला तरच प्रबंध जमा होणार, नाहीतर पाच वर्षं पाण्यात.

"ताई, येवढं पाहून द्या ना जी. सर फक्त आकडा पायतेत."

मी पाहिलं. नीट पाहिलं. आकृतीत चोवीस तलाव होते आणि टिंबं दिसत होती दोन. एका टिंबात तेवीस तलाव एकावर एक बसलेले, आणि पार दुसऱ्या टोकाला एकटा एक. स्ट्रेस असा शून्याला टेकला की खूश व्हायचं नसतं, घाबरायचं असतं. एखाद्या तलावाची बाकी कोणाशी एकही प्रजाती जुळली नाही, की सगळा क्रम त्या एका अंतरातच भागतो आणि उरलेले तलाव गोळा होऊन बसतात. संगणकानं तसा इशाराही दिला होता. तिनं तो खाली छापलेला तसाच ठेवला होता, बिचारीनं लपवलंसुद्धा नव्हतं.

मग मी तिचा तक्ता उघडला. तेवीस तलावांतल्या वनस्पती शास्त्रीय नावांनी होत्या. चोविसावा तिच्या गावचा. तिथली यादी तिनं आईला सोबत घेऊन, पाण्यात उतरून केली होती, आणि आई म्हणेल ती नावं लिहिली होती: शिंगाडा, कमळ आणि तशीच पुढची. तीच झाडं बाकी तलावांत होती, पण संगणकाला ती वेगळ्या रकान्यांत दिसली. नावं बदलून पुन्हा चालवायला अर्धा तास पुरला असता.

मी तिला म्हटलं, "छान आहे."

सेमिनारला बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "टिंबं तर दोनच दिसतात, बाकीचे बावीस तलाव कुठे गेले?"

"आहेत ना मॅडम, तेथंच."

बाईंनी तक्ता पडद्यावर लावायला सांगितला. रकान्यांची नावं एकेक करून वाचली. "ही कोणत्या पुस्तकातली?"

"आईनं सांगितली."

हॉल हसला. सर सगळ्यांत मोठ्यानं हसले. त्या हसण्यात मीही होते, आणि मला बरं वाटलं. दोनच तासांनी माझ्या सेमिनारात त्याच बाईंनी माझं तसंच ठेवलेलं ०.१८चं वाक्य वाचून 'असं लिहावं' म्हटलं, आणि सरांनी मान अशी डोलावली, जणू ते वाक्य त्यांनीच शिकवलं होतं.

तिचा सेमिनार नामंजूर झाला. महिना संपला, नोंदणी गेली. प्रयोगशाळेतलं सामान न्यायला ती आली तेव्हा मी एकटीच बसले होते. पिशवी भरता भरता तिनं विचारलं, "ताई, तुमी पायलं व्हतं ना?"

"पाहिलं होतं गं. पण माझ्याही लक्षात नाही आलं."

तिचा चेहरा एकदम सैल झाला. "मंग ठीक आहे. तुमाले नाही समजलं, तं मले कायले समजलं असतं! मी उगीच सोताले बेअक्कल म्हणून रायली व्हती." आणि गावाहून आणलेले उकडलेले शिंगाडे तिनं माझ्या टेबलावर ठेवले.

आता मी शिकवते. स्ट्रेस कसा लिहावा या तासाला दरवर्षी तिचीच आकृती दाखवते. कोणत्या अंतरमापावर, किती मितींत, किती स्ट्रेस, हे सगळं लिहा, आणि तो शून्याजवळ आला तर आधी तक्ता तपासा, असं सांगते. पोरं आईची नावं वाचून हसतात. हे कोणाच्याच लक्षात कसं आलं नाही, असं कोणीतरी हमखास विचारतं, आणि मी म्हणते, नाही आलं.