माझ्याकडे तर चालतंय

मी तिरसट माणूस. ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या मॅडमशी जे वागलो, त्याला तिरसटपणा म्हणून चालणार नाही.

दहा वर्षं घर सांभाळून त्या पुन्हा नोकरीला लागल्या होत्या. पंचवटीतून स्कूटीवर यायच्या. तीन महिन्यांत काम दाखवलं तर कायम, नाहीतर घरी. मी त्यांना आमचा जुना जावा प्रोग्राम दिला. दिंडोरीच्या बागांतल्या द्राक्षांच्या वजनांची फाइल वाचून तो रिपोर्ट काढतो.

त्यांनी इंटेलिजेमध्ये, म्हणजे आम्ही प्रोग्राम लिहितो त्या सॉफ्टवेअरमध्ये, चालवायचा हिरवा त्रिकोण दाबला, प्रोग्राम आपटला. "अहो, फाइलचं नाव कोण देणार? रन कॉन्फिगरेशन उघडा, प्रोग्राम आर्ग्युमेंट्समध्ये लिहा," मी म्हणालो. त्यांनी data/vajan.csv लिहिलं. आता फाइल सापडेना.

"सर, फाइल तर दिसतेय."

"मग डोळे उघडून बघा. माझ्याकडे तर चालतंय!"

हे सगळ्यांसमोर. मग त्यांनी विचारणंच सोडलं. दोन आठवडे एकट्याच झगडत राहिल्या. तीन महिने व्हायच्या आधीच साहेबांनी विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "नाही जमत त्यांना." झालं. डबा पिशवीत घालून त्या निघून गेल्या, आणि मी मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

महिन्याभराने माझा लॅपटॉप बसला. नव्यावर प्रोजेक्ट उतरवून घेतलं, आर्ग्युमेंट लिहिलं, चालवलं. फाइल सापडेना! मी पण तासभर डोकं आपटलं. मग त्याच रन कॉन्फिगरेशनमधल्या वर्किंग डिरेक्टरीच्या रकान्याकडे लक्ष गेलं; प्रोग्रामने फाइल कुठल्या फोल्डरपासून शोधायची ते तिथे लिहितात. तिथे अख्ख्या प्रोजेक्टचं फोल्डर होतं. प्रोग्राम तिथूनच data शोधत होता, आणि data होतं आतल्या मॉड्यूलच्या फोल्डरमध्ये. जुन्या लॅपटॉपवर मी कधीकाळी हा रकाना बदलला होता आणि पार विसरलो होतो. कॉन्फिगरेशन प्रोजेक्टसोबत साठवायची खूणही केली नव्हती, त्यामुळे ते माझ्याच मशीनवर राहिलं. त्या बाईंपर्यंत पोचलंच नाही. रकाना बदलला, खूण केली, प्रोग्राम सुरळीत चालला. दोन मिनिटांचं काम.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना फोन लावला. सगळं सांगितलं.

"म्हणजे माझं चुकलं नव्हतं?"

"नाही मॅडम. माझंच चुकलं."



"मी आता कॉम्प्युटरला हात लावत नाही, सर. घरी सांगून टाकलं, आपल्याला नाही जमायचं म्हणून." मग हळूच म्हणाल्या, "तुम्ही साहेबांना सांगितलंत का हे?"

"सांगतो ना. आजच सांगतो."

त्यांच्या जागेवर नवा माणूस आला आहे. हिरवा त्रिकोण दाबतो, पहिल्या फटक्यात रिपोर्ट निघतो. साहेब त्याच्यावर खूश आहेत. परवा माझ्यासमोरच म्हणाले, "बघा, याला कसं जमलं!"

मी मान डोलावली.